जपानी कंपनीच्या मुलाखतीत स्वतःची ओळख आणि ‘त्सुयोमि’ कसे सांगायचे?

प्रश्न: मी पुण्यात मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर आहे, तीन वर्षांचा अनुभव आहे. गेल्या वर्षी जेएलपीटी एन-३ पास झालो. पुढच्या महिन्यात एका जपानी कंपनीची ऑनलाइन मुलाखत आहे आणि ती पूर्ण जपानीतून होणार आहे. ओळख आणि बलस्थानं या दोन गोष्टींवर प्रश्न नक्की येणार असं ऐकलंय. वाचलेलं कळतं, पण बोलायला लागलो की ततपप होतं. नमुन्याचा संवाद लिहून द्याल का? आडनाव पाटील. कांजी नको, देवनागरीत चालेल.

उत्तर:

संवाद देतोच, पण आधी ततपपचं कारण. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही. शब्दसंग्रह, व्याकरण-वाचन आणि ऐकणं यांवर १८० पैकी ९५ गुण मिळाले (आणि कुठल्या विभागात १९च्या खाली गेला नाहीत) की एन-३ हातात पडतो. आयुष्यात एकही जपानी वाक्य तोंडाने न बोलता तो मिळवता येतो. त्यामुळे तुमचं होतंय ते नेहमीचंच आहे. मी काही वर्षं जपानी शिकवतो आणि त्याहून जास्त वर्षं दुभाष्या म्हणून अशा मुलाखतींत बसतो. पाठ केलेलं उत्तर कोसळतं ते पहिल्या प्रश्नाला नाही, त्यानंतर येणाऱ्या छोट्या उपप्रश्नाला. म्हणून खालचा संवाद मी मुद्दाम उपप्रश्नापर्यंत नेला आहे.

देवनागरीत वाचताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. ‘ऽ’ दिसला की स्वर एक मात्रा लांबवायचा. ‘त्सु’मधला त्स म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, आणि नुक्ता दिलेला ‘ज़’ म्हणजे ‘जहाज’मधला ज. हे दोन्ही उच्चार आपल्याला घरूनच येतात, हिंदी भाषक वर्गमित्रांना त्यासाठी घाम गाळावा लागतो. ‘देस’ आणि ‘मास’ यांच्या शेवटचा उकार गिळलेला असतो, म्हणून मी तो लिहिलेला नाही.

ओळख

मुलाखतकार: *कोचिरा नो कोए, किकोएमास का.* (आमचा आवाज येतोय का?)

तुम्ही: *हाइ, योकु किकोएमास. होन्जित्सु वा योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.* (हो, नीट येतोय. आज आपल्याशी बोलायची संधी मिळाली, लोभ असावा.)

मुलाखतकार: *देवा, माज़ु कान्तान नि जिकोशोऽकाइ ओ ओनेगाइ शिमास.* (तर मग, आधी थोडक्यात तुमची ओळख करून द्या.)

तुम्ही: *हाइ. पातीऽरु तो मोऽशिमास. इन्दो नो पुने नि सुन्दे ओरिमास. दाइगाकु दे किकाइ कोऽगाकु ओ सेन्कोऽ शि, सोत्सुग्योऽगो, जिदोऽशा बुहिन नो काइशा दे सान्नेन्कान, सेक्केऽ ओ तान्तोऽ शिते ओरिमास. ओमो ना शिगोतो वा, बुरेऽकि बुहिन नो ज़ुमेन नो साकुसेऽ तो शुऽसेऽ देस. निहोन्गो वा योनेन माए कारा बेन्क्योऽ शिते ओरि, साकुनेन, एनु-सान नि गोऽकाकु इताशिमाशिता. होन्जित्सु वा दोऽज़ो योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.*

(मी पाटील. भारतात पुण्याला राहतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि पदवीनंतर तीन वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनचं काम बघतो. मुख्य काम ब्रेकच्या भागांची ड्रॉइंग तयार करणं आणि त्यांत दुरुस्त्या करणं. चार वर्षांपासून जपानी शिकतोय, गेल्या वर्षी एन-३ पास झालो.)

ब्रेकचे भाग आणि चार वर्षं हे मी धरून चाललोय, तिथे तुमचा तपशील घाला.

ही ओळख कांजी-कानात लिहिली तर साधारण दीडशे अक्षरं होते. सराईत जपानी माणूस मिनिटाला तीनशेच्या आसपास अक्षरं बोलतो, म्हणजे त्याला अर्धा मिनिट लागेल, तुम्हाला चाळीस-पंचेचाळीस सेकंद. ‘कान्तान नि’ म्हणजे ‘थोडक्यात’ म्हटलं असेल तर एवढंच पुरे. आपली मुलं इथे वडील काय करतात, बहीण कुठे दिलीय, क्रिकेट आवडतं, सगळं सांगतात. पाठ्यपुस्तकातल्या ओळखीच्या धड्यात तसंच असतं म्हणून. अनुभवी उमेदवाराच्या मुलाखतीत हा प्रश्न म्हणजे ‘तुमच्या कामाचा प्रवास सांगा’ एवढाच असतो. आणि इथे गुण सांगायचे नाहीत. ‘जिकोशोऽकाइ’ म्हणजे ओळख आणि ‘जिको पीआऽरु’ म्हणजे स्वतःची बाजू मांडणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओळखीतच ‘मी फार मेहनती आहे’ येऊन गेलं की समोरच्याला वाटतं, या माणसाने प्रश्न ऐकलाच नाही.

आता या उत्तरातले बारकावे. सगळ्यात आधी *सुन्दे ओरिमास*. प्रत्येक क्लासात आपण ‘इन्दो कारा माइरिमाशिता’ (भारतातून आलो) घोकलेलं असतं. पण तुम्ही पुण्यात घरी बसून ऑनलाइन बोलताय, आला कुठून? मी एका मुलाखतीत बसलो होतो, मुलाने जोरात ‘पुणे कारा माइरिमाशिता’ म्हटलं आणि समोरच्या साहेबांनी हसत विचारलं, ‘आता तुम्ही जपानमध्ये आहात का?’ हा साधा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता. पुढची दोन मिनिटं तो सावरलाच नाही. तोक्योला प्रत्यक्ष गेलात तर *माइरिमाशिता* म्हणा. कॅमेऱ्यासमोर *सुन्दे ओरिमास*.

दुसरं, *तो मोऽशिमास*, *ओरिमास*, *इताशिमास*. ही स्वतःला एक पायरी खाली ठेवून बोलायची क्रियापदं. या पातळीवर एवढी तीन आणि प्रसंगी *माइरिमास* बरोबर आली की पुरेसं आहे, बाकी सगळं साध्या देस-मासमध्ये चालतं. उलट जास्त आदर दाखवायच्या नादात घोटाळा होतो, कारण समोरच्याला वर नेणारी क्रियापदं चुकून स्वतःला लागतात. ‘पातीऽरु तो ओश्शाइमास’ म्हणणारे मी दरवर्षी ऐकतो. ‘मी आपलं नाव पाटील असं फर्मावतो’ असं काहीसं त्याचं होतं. प्रश्नातला ‘ओ’ आणि ‘गो’ही उत्तरात परत पाठवू नका. त्यांनी ‘ओशिगोतो वा?’ विचारलं तर तुमचं उत्तर ‘शिगोतो वा...’ असंच सुरू होतं. आपल्याकडे कुणी ‘आपलं शुभनाव?’ विचारलं तर ‘माझं शुभनाव पाटील’ म्हटलं की कसं वाटतं, तेच.

तिसरं, *योनेन*. चार म्हणजे ‘योन’, म्हणून मुलं ‘योन्नेन’ म्हणतात. वर्षं मोजताना तो ‘योनेन’ होतो. चूक छोटी आहे, पण ती तुमच्या पहिल्या मिनिटात येते.

आणि आडनाव. पाटीलचं काताकानात ‘पातिरु’ही लिहितात, ‘पातीऽरु’ही. तुमच्या *रिरेकिशो*त म्हणजे बायोडेटात जसं लिहिलंय तसंच उच्चारा, आणि हळू. मराठी ट आणि ल ठासून ‘पाटील’ म्हणालात तर समोरचा माणूस कागदावरच्या नावाशी ते जुळवत बसतो आणि पुढची दोन वाक्यं त्याच्या हातून निसटतात.

बलस्थान

मुलाखतकार: *देवा, गोजिशिन नो त्सुयोमि ओ ओशिएते कुदासाइ.* (आता तुमचं बलस्थान सांगा.)

शब्द नीट ऐका. *त्सुयोमि* विचारलं तर कामात उपयोगी पडणारी तुमची ताकद हवी आहे. *चोऽशो* विचारलं तर स्वभावातला चांगला गुण. दोन्हींत सरमिसळ होते, पण ‘त्सुयोमि’ला ‘मी मनमिळाऊ आहे’ हे उत्तर कमी पडतं.

जे उत्तर मी सगळ्यात जास्त ऐकलंय ते असं: ‘वाताशि वा माजिमे दे, हाऽदोवाऽकाऽ दे, चिऽमुवाऽकु गा देकिते, निहोन्गो गा जोऽज़ु देस.’ मी प्रामाणिक, हार्डवर्कर, टीमवर्क जमतं, जपानी छान येतं. यात चार गुण आहेत आणि पुरावा एकाचाही नाही. त्यातला शेवटचा तर सरळ चूक. *जोऽज़ु* हे दुसऱ्याचं कौतुक करताना वापरायचं विशेषण आहे, स्वतःला लावलं की ‘मी किती हुशार’ असा सूर लागतो. स्वतःबद्दल बोलायचं तर *तोकुइ देस* (हे मला जमतं) म्हणा. पण भाषेबद्दल तेही नको. तुमचं जपानी किती आहे ते ते ऐकतच आहेत.

मी विद्यार्थ्यांना एकच गुण निवडायला लावतो, आणि तो विशेषणात न सांगता कृतीत सांगायला लावतो. तुमच्या कामातून एक प्रसंग काढा ज्यात आधी काहीतरी बिघडलं होतं, तुम्ही काहीतरी बदललं आणि फरक मोजता आला. तुमचा प्रसंग मला माहीत नाही, म्हणून ड्रॉइंगचं काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल असा एक घेतो. आकडे तुमचे खरेच घाला, कारण त्यावरच पुढचे प्रश्न येणार.

तुम्ही: *हाइ. वाताशि नो त्सुयोमि वा, आतोकोऽतेऽ नो ताचिबा दे ज़ुमेन ओ काकुनिन सुरु कोतो देस. इज़ेन, वाताशि नो ज़ुमेन गा वाकारिनिकुकुते, गेन्बा नो तान्तोऽशा गा सुन्पोऽ ओ योमिमाचिगाएते शिमाइमाशिता. सोरे कारा वा, ज़ुमेन ओ दासु माए नि, कानाराज़ु गेन्बा नो तान्तोऽशा नि मिते मोराउ योऽ नि शिमाशिता. सोनो केक्का, ज़ुमेन नो तोइआवासे गा, त्सुकि नि जुक्केन गुराइ कारा, सान्केन गुराइ नि हेरिमाशिता. ओन्शा दे मो, गेन्बा नो काता नो कोए ओ ओकिकि शिनागारा, सेक्केऽ शिताइ तो कान्गाएते ओरिमास.*

(माझं बलस्थान म्हणजे पुढच्या टप्प्यावर काम करणाऱ्याच्या जागी उभं राहून मी ड्रॉइंग तपासतो. पूर्वी माझं ड्रॉइंग नीट कळण्यासारखं नव्हतं, त्यामुळे शॉपफ्लोअरवरच्या माणसाने एक माप चुकीचं वाचलं. तेव्हापासून ड्रॉइंग सोडण्याआधी मी ते शॉपफ्लोअरवरच्या संबंधित माणसाला दाखवतोच. त्यामुळे ड्रॉइंगबद्दलच्या शंका महिन्याला दहाएक यायच्या त्या तीनएकवर आल्या. आपल्या कंपनीतही शॉपफ्लोअरवरच्या मंडळींचं ऐकत ऐकत डिझाइन करावं असा विचार आहे.)

*आतोकोऽतेऽ* म्हणजे आपल्यानंतरचा टप्पा. ‘आतोकोऽतेऽ वा ओक्याकुसामा’, म्हणजे पुढचा टप्पा हाच आपला ग्राहक, हे जपानी कारखान्यांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य आहे. तुमच्या तोंडून तो शब्द आला की समोरचा उत्पादन विभागातला माणूस खुर्चीत थोडा पुढे सरकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्याला त्याचा अर्थ उदाहरणासकट सांगता येत नाही त्याने तो वापरू नये. ‘काइज़ेन’चं असंच झालंय. प्रत्येकजण म्हणतो, आणि ‘काय सुधारलंत?’ विचारलं की गप्प.

दुसऱ्या वाक्यात दोष कुणाकडे जातो ते पाहा. ‘माझं ड्रॉइंग नीट कळण्यासारखं नव्हतं.’ हेच ‘कामगाराने चुकीचं वाचलं’ असं सुरू केलं असतं तर घटना तीच राहिली असती, पण तुम्ही दुसऱ्यावर ढकलताय असं वाटलं असतं. *योमिमाचिगाएते शिमाइमाशिता*मधलं *शिमाइमाशिता* ‘व्हायला नको होतं ते झालं’ ही खंत आणतं. मराठीत आपण ‘चुकीचं वाचून बसला’ म्हणतो, त्याच्या जवळपासचं.

यातली खरी मेख पुढे आहे. तुमच्या सध्याच्या कंपनीतला माणूस *तान्तोऽशा* आहे आणि त्याच्यासाठी साधं *मिते मोराउ* वापरलंय. समोरच्या कंपनीतला माणूस मात्र *गेन्बा नो काता* झाला आणि त्याच्यासाठी *ओकिकि शिनागारा* आलं. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या गटातल्या माणसाला आदरार्थी बोलायचं नसतं, मग तो तुमचा साहेब का असेना. मराठी माणसाला हे फार जड जातं. आपण कुणाहीपुढे ‘आमचे साहेब म्हणाले’, ‘आमचे बाबा आलेत’ असंच बोलतो, ‘आमचा साहेब म्हणाला’ म्हटलं तर उद्धट वाटतं. तिथे उलटं आहे. ‘आमच्या मॅनेजर-सान यांनी शिकवलं’ असं मुलाखतीत म्हणालात की ‘सान’ खटकतो. *जोऽशि* (वरिष्ठ) एवढाच शब्द वापरा, नाव नको, सान नको.

*ओन्शा* म्हणजे ‘आपली कंपनी’, तोंडी बोलताना. पत्रात किंवा अर्जात त्याच अर्थाने *किशा* लिहितात. बहुतेकांनी अर्ज आधी लिहिलेला असतो, त्यामुळे मुलाखतीतही तोंडात ‘किशा’च येतं. किशा म्हणजे पत्रकारही आणि वाफेची आगगाडीही, म्हणून बोलताना तो टाळतात.

आणि आकडा. तीन शंका म्हणजे *सान्केन*. तो ‘सान्गेन’ झाला तर तीन घरं होतात. जपानीत मोजायच्या वस्तूप्रमाणे प्रत्यय बदलतो हे तुम्हाला माहीतच आहे. उत्तरात जो आकडा येणार आहे तेवढाच प्रत्ययासकट दहा वेळा मोठ्याने म्हणून ठेवा, सगळं कोष्टक घोकायची गरज नाही.

उपप्रश्न

मुलाखतकार: *नारुहोदो. देमो, गेन्बा नो हितो वा इसोगाशिइ देशोऽ. इयागारारेमासेन देशिता का.* (असं होय. पण शॉपफ्लोअरवरची माणसं कामात असतात ना. त्यांनी कुरकुर नाही केली?)

हीच ती जागा. *इयागारारेरु* हे *इयागारु*चं (नाखुशी दाखवणं) कर्मणी रूप आहे. एन-३च्या पुस्तकात तुम्ही ते वाचलं असेल, पण कानावर पडल्यावर अर्ध्या सेकंदात कळेल याची खात्री नाही. न कळता ‘हाइ’ म्हणणं हा इथला सगळ्यात वाईट मार्ग. नकारार्थी प्रश्नाला दिलेल्या जपानी ‘हाइ’चा अर्थ ‘बरोबर, नाही केली’ असा होतो, आणि पुढचा प्रश्न तुम्ही न दिलेल्या उत्तरावर येतो. ‘मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास’ (पुन्हा सांगा) चालतं, पण मग ते तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणतात आणि तुम्ही होता तिथेच राहता. त्यापेक्षा अडलेला शब्द उचलून दाखवा:

तुम्ही: *मोऽशिवाके आरिमासेन. ‘इयागारारेरु’ तो इउ नो वा, इया दा तो ओमोवारेरु, तो इउ इमि देशोऽ का.* (माफ करा. ‘इयागारारेरु’ म्हणजे त्यांना ते नकोसं वाटणं, असाच अर्थ ना?)

मुलाखतकार: *सोऽ देस, सोऽ देस.*

तुम्ही: *आरिगातोऽ गोज़ाइमास. साइशो वा इयागारारेमाशिता. देस नो दे, हिरुयासुमि नो माए नो जुप्पुन दाके, तो ओनेगाइ शिमाशिता. इक्कागेत्सु गुराइ सुरु तो, तान्तोऽशा नो होऽ कारा कोए ओ काकेते कुरेरु योऽ नि नारिमाशिता.* (धन्यवाद. सुरुवातीला नकोसंच वाटलं त्यांना. म्हणून जेवणाच्या सुट्टीआधीची फक्त दहा मिनिटं द्या, अशी विनंती केली. महिनाभराने तेच आपणहून हाक मारायला लागले.)

तिसऱ्या वाक्यात काय घडलं ते बघा. तुम्हाला नवा शब्द माहीत नव्हता, तुम्ही तो विचारला, आणि लगेच स्वतःच्या वाक्यात *इयागारारेमाशिता* असा वापरूनही दाखवला. परदेशी सहकाऱ्याबरोबर मीटिंगमध्ये काम होईल का, हे मुलाखतकाराला तपासायचं असतं, आणि त्याला त्याचं उत्तर इथे मिळतं. मुलाखत संपल्यावर पॅनेल आपसांत बोलतं तेव्हा मी तिथेच असतो. ‘एक शब्द कळला नाही’ अशी तक्रार मी क्वचितच ऐकली आहे. ‘कळलं नाही तरी हो म्हणाला’ ही मात्र अनेकदा.

उपप्रश्न कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. तुमच्या बलस्थानाच्या उत्तरातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा: *दोऽशिते देस का* (का?), *गुताइतेकि नि वा?* (म्हणजे नेमकं काय?), आणि *होका नि वा?* (आणखी काही?). वरच्या उत्तराला हे लावून बघा. ‘ड्रॉइंग कळण्यासारखं नव्हतं’ला *गुताइतेकि नि वा* विचारलं की नेमकी अडचण सांगावी लागते: माप दोन ठिकाणी विभागून दिलं होतं, बेरीज करावी लागत होती, असं काहीतरी. ते तुम्हाला मराठीत एका वाक्यात सांगता येत असेल तर जपानीत दोन साध्या वाक्यांत येईल. मराठीतच सांगता येत नसेल तर तो प्रसंग बदला.

सराव कसा करावा, तर उत्तर पूर्ण लिहून पाठ करू नका. पाच-सहा खुणेचे शब्द एका चिठ्ठीवर ठेवा: आतोकोऽतेऽ, सुन्पोऽ, मिते मोराउ, जुक्केन-सान्केन, ओन्शा. त्यावरून रोज बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. दर वेळी वाक्यं थोडी वेगळी आली पाहिजेत. मग मित्राला सांगा, मध्येच कुठेही तोड आणि काहीही विचार. त्याला जपानी येत नसलं तरी चालेल, ‘गुताइतेकि नि वा’ एवढं शिकवा. तोडल्यावर तुम्ही तिथूनच पुढे गेलात तर तयारी झाली. पुन्हा ‘वाताशि नो त्सुयोमि वा’पासून सुरू केलंत तर उत्तर अजून पाठांतरातच आहे, पॅनेललाही ते लगेच कळतं.

एक सवय मात्र आजपासून मोडा. ऐकताना आपण ‘हो हो’, ‘हां हां’ करतो. त्याचं जपानीत ‘हाइ हाइ’ होतं, आणि दोनदा म्हटलेलं ‘हाइ’ म्हणजे ‘कळलं हो, पुरे’ असा वैताग. एकच *हाइ*, त्याच्याबरोबर थोडीशी मान, आणि तेही समोरच्याचं वाक्य संपल्यावर.

शेवट साधा ठेवा. ते म्हणतील, *होन्जित्सु वा आरिगातोऽ गोज़ाइमाशिता.* तुम्ही: *होन्जित्सु वा ओजिकान ओ इतादाकि, आरिगातोऽ गोज़ाइमाशिता. शित्सुरेऽ इताशिमास.* (आज वेळ दिलात, धन्यवाद. येतो.) मग मान लववा आणि खिडकी खरोखर बंद होईपर्यंत चेहरा तसाच ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने मुलाखत झकास दिली, वाकून नमस्कार केला, आणि माइक चालू असतानाच ‘सुटलो रे बाबा’ म्हणाला. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणाला तो? मी सांगितलं, *‘ओत्सुकारेसामा देशिता’ तो मोऽशिते ओरिमास.*